डबल सेल बॅटरी: लेबलवर २२५० आणि बॉक्सवर ४५००, दोन्ही आकडे बरोबर कसे

प्रश्न: "माझा ६५ वॉट चार्जिंगवाला फोन आहे, बॉक्सवर बॅटरी ४५०० एमएएच लिहिलीये. परवा दुकानात बॅटरी बदलून घेतली तर नव्या बॅटरीवर २२५० एमएएच छापलंय. ॲपमध्ये पण २१८० दाखवतंय आणि हेल्थ ४८ टक्के. दुकानदार म्हणतो ओरिजिनल आहे, डबल सेलचं असंच असतं. मला फसवलंय का? आणि मग पुढचा फोन घेताना एमएएच कशाच्या भरवशावर बघायचं?"

बहुतेक फसवलेलं नाहीये. पण "बहुतेक" म्हणतोय कारण तुम्ही लेबलवरचा एकच आकडा सांगितलात, एमएएचचा, आणि माझं उत्तर अडकलंय त्याच्या शेजारच्या आकड्यावर, म्हणजे व्होल्टवर. बॅटरीचा फोटो काढला असेल तर झूम करून बघा. २२५० एमएएचच्या शेजारी ७.७ च्या आसपास व्होल्ट छापलेले असतील (७.७४ वगैरे) तर दुकानदार खरं बोलतोय. तिथे ३.८७ च्या आसपास काही असेल तर मात्र गडबड आहे, त्यावर खाली बोलतो. मी बॅटरी आणि बोर्ड रिपेअरचं काम करतो, आणि फास्ट चार्जिंगवाले फोन आल्यापासून हा सवाल काउंटरवर सारखा येतो, म्हणून जरा नीट सांगतो.

मूळ घोळ असा आहे की एमएएच हा आकडा बॅटरीत एनर्जी किती आहे ते सांगतच नाही. तो फक्त चार्ज सांगतो, म्हणजे किती करंट किती तास देता येईल. एनर्जी काढायची तर त्याला व्होल्टने गुणावं लागतं, मग वॉट-अवर येतात. आता आपल्या फोनमध्ये इतकी वर्षं एकच सेल असायचा आणि सगळ्यांचे सेल जवळपास सारख्याच व्होल्टचे, ३.८ च्या आगेमागे, त्यामुळे व्होल्टकडे कोणी बघायचंच नाही आणि नुसते एमएएच लावून तुलना केली तरी चालून जायचं. डबल सेल आल्यावर ते चालेनासं झालं. दोन पेन्सिल सेलचा टॉर्च आठवा, दोन सेल एकामागे एक घातले की व्होल्ट दीडाचे तीन होतात पण प्रत्येक सेल २००० एमएएचचा असेल तर जोडीसुद्धा २००० एमएएचचीच राहते, कारण जो करंट पहिल्यातून जातो तोच दुसऱ्यातून जातो. एनर्जी मात्र डबल झालेली असते. तुमच्या फोनमध्ये हेच आहे. २२५० एमएएचचे दोन सेल सिरीजमध्ये, प्रत्येकी ३.८७ व्होल्ट, मिळून ७.७४ व्होल्ट.

आता गुणाकार करून बघा. २२५० एमएएच म्हणजे २.२५ अँपिअर-अवर, गुणिले ७.७४ व्होल्ट, बरोबर साधारण १७.४ वॉट-अवर. आणि बॉक्सवरचे ४५०० एमएएच म्हणजे ४.५ अँपिअर-अवर, गुणिले ३.८७, परत १७.४ वॉट-अवर. दोन्ही आकडे एकाच बॅटरीचे, एक पूर्ण पॅकच्या व्होल्टवर मोजलेला आणि दुसरा एका सेलच्या व्होल्टवर. बॅटरी बनवणारा लेबलवर पॅक जसा आहे तसं छापतो, त्याला तेच छापावं लागतं. फोन विकणारा बॉक्सवर "एक सेल असता तर किती झाले असते" तो आकडा टाकतो. यात मला फसवणूक वाटत नाही, कारण दुकानात शेजारी ठेवलेल्या एका सेलच्या ५००० एमएएच फोनशी तुलना करायची तर ४५०० हाच आकडा योग्य आहे, २२५० लिहिलं असतं तर गिऱ्हाईक उगाच अर्धी बॅटरी समजून पळालं असतं. पण माझं ठाम मत आहे की त्याच्या शेजारी वॉट-अवर पण तितक्याच मोठ्या अक्षरात छापायला हवेत, म्हणजे तुमच्यासारख्या माणसाला बॅटरी बदलल्यावर रात्रभर डोकं खाजवत बसावं लागणार नाही.

लेबलवर अजून एक बारीक फरक दिसेल. दोन आकडे असतात, एक रेटेड आणि एक टिपिकल. रेटेड म्हणजे कमीत कमी इतकी भरणारच, टिपिकल म्हणजे सरासरी इतकी. २२५० टिपिकल असेल तर रेटेड २२०० वगैरे असतो. जाहिरातीत बहुतेक वेळा टिपिकलची दुप्पट येते.

आता मुळात दोन सेल करायचेच कशाला, हे कळलं की बाकीचं सोपं होतं. ६५ वॉट सेलमध्ये भरायचे आहेत. सेलचा व्होल्टेज चार्जिंगच्या वेळी साधारण ४ धरा. एकच सेल असेल तर ६५ भागिले ४, म्हणजे १६ अँपिअर करंट. घरातल्या गिझरच्या सॉकेटवर १६ अँपिअर लिहिलेलं असतं, तेवढा करंट फोनच्या आतल्या कागदासारख्या पातळ पट्टीतून, छोट्याशा बॅटरी कनेक्टरमधून आणि प्रोटेक्शन बोर्डवरच्या मॉसफेट नावाच्या स्विचमधून न्यायचा. त्या सगळ्या रस्त्याचा रेझिस्टन्स समजायला म्हणून १० मिलिओहम धरा. उष्णता होते करंटच्या वर्गाच्या हिशोबाने, म्हणजे १६ गुणिले १६ गुणिले ०.०१, बरोबर अडीच वॉट, आणि तीही एका टोकाला, नखाएवढ्या जागेत. तोच पॅक दोन सेल सिरीजमध्ये केला की व्होल्ट ८, करंट ८ अँपिअर, आणि उष्णता ८ गुणिले ८ गुणिले ०.०१, म्हणजे ०.६४ वॉट. करंट निम्मा, उष्णता पाव. सगळा खेळ एवढ्यासाठी आहे. तुमच्या चार्जरवर १० व्होल्ट ६.५ अँपिअर लिहिलेलं असेल तर तेही याच हिशोबातलं, ८-९ व्होल्टच्या पॅकला १० व्होल्ट जवळपास थेट देता येतात, फोनच्या आत मोठं रूपांतर करावं लागत नाही आणि त्यातली उष्णता पण वाचते.

इथे एक गैरसमज खूप पसरलाय, आणि तो नुसता गिऱ्हाइकांचा नाही, आमच्या लाइनमधले लोक पण बोलतात. "दोन सेल आहेत ना, मग प्रत्येकाला निम्मेच वॉट जातात, म्हणून सेल थंड राहतो आणि जास्त टिकतो." निम्मे वॉट जातात हे खरंय, पण सेल पण निम्माच आहे हो! प्रत्येक सेलवरचा ताण त्याच्या आकाराच्या मानाने तेवढाच राहिला. हिशोब करून बघा. ४५०० एमएएचच्या एका सेलचा अंतर्गत रेझिस्टन्स २० मिलिओहम धरा, १६ अँपिअरवर तो ५.१ वॉट तापतो. आता त्याच मालाचे दोन निम्मे सेल केले तर प्रत्येकाचा रेझिस्टन्स दुप्पट होतो, ४० मिलिओहम, कारण करंट जायला प्लेटचा एरिया निम्मा झाला. ८ अँपिअरवर प्रत्येक सेल २.५६ वॉट तापतो, दोन मिळून परत ५.१ वॉट. काहीच वाचलं नाही. सिरीज केल्याने वाचतं ते सेलच्या बाहेरचं, म्हणजे कनेक्टर, पट्ट्या, मॉसफेट, चार्जिंग आयसी. सेलच्या आतलं तापणं कमी करायचं असेल तर सेलच वेगळा बनवावा लागतो.

आणि तिथेच तुमच्या आकड्यांची खरी किंमत मोजली जाते. फास्ट चार्जिंगच्या सेलमध्ये प्लेटवरचा मालाचा थर पातळ ठेवतात. चार्जिंगमध्ये लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरात आत शिरायला वेळ लागतो, थर जाड असेल आणि तुम्ही जोरात ढकललं तर ते आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावरच धातू म्हणून साचायला लागतात, आणि मग सेलची क्षमता कायमची जाते, जास्त झालं तर सेल धोकादायक पण होतो. म्हणून थर पातळ. पण थर पातळ म्हणजे तेवढ्याच जागेत तांब्याची आणि ॲल्युमिनियमची फॉइल जास्त, सेपरेटर जास्त, आणि एनर्जी धरणारा माल कमी. शिवाय करंट बाहेर काढायला एकाच्या जागी अनेक टॅब जोडतात, त्याला पण जागा लागते. वर आता सेल दोन, म्हणजे पाऊच दोन, प्रत्येकाची सील केलेली कड वेगळी, मध्ये फट, सेल वापरताना थोडा फुगतो त्यासाठी सोडलेली जागा पण दोनदा. फोनच्या आतली बॅटरीची जागा तर तेवढीच आहे, मग एमएएच कमी होणारच.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याकडेच विकलं गेलं. जानेवारी २०२२ मध्ये भारतात शाओमी ११आय आणि शाओमी ११आय हायपरचार्ज असे दोन फोन एकत्र आले. स्क्रीन तीच, प्रोसेसर तोच, बॉडी तीच. साध्या ११आयला ६७ वॉट चार्जिंग आणि ५१६० एमएएच. हायपरचार्जला १२० वॉट, डबल सेल, आणि ४५०० एमएएच. ६६० एमएएच गेले, म्हणजे जवळजवळ १३ टक्के, आणि इथे दोन्ही आकडे एका सेलच्या व्होल्टवर आणलेले आहेत, म्हणजे ही घट कागदावरची नाही, खरोखर एनर्जी तेवढी कमी भरते. त्याच्या आधीचं जुनं उदाहरण म्हणजे २०१८ चा ओप्पो फाइंड एक्स. साध्या मॉडेलला ३७३० एमएएच होती, आणि ५० वॉटच्या सुपरवूकवाल्या लॅम्बोर्गिनी एडिशनला ३४००, जी १७०० च्या दोन सेलची होती. तिथे ९ टक्के गेले. नंतर रिअलमी जीटी निओ ३ मध्ये पण तेच दिसतं, ८० वॉटवाल्याला ५००० आणि १५० वॉटवाल्याला ४५००. यातलं किती दोन पाऊच केल्यामुळे गेलं आणि किती पातळ थरामुळे, हे बाहेरून वेगळं करता येत नाही, दोन्ही मिळूनच येतं. पण सगळा दोष डबल सेलला देऊ नका, कारण शाओमी १२ प्रो मध्ये एकाच सेलवर १२० वॉट दिलेत, त्यासाठी वेगळी चार्जिंग चिप लावली, आणि तरी बॅटरी ४६०० एमएएचचीच आहे. म्हणजे स्पीडची किंमत एका सेलला पण मोजावी लागते.

एक छोटी कपात वापरतानाची पण आहे. फोनचा बाकीचा बोर्ड चार व्होल्टच्या आसपासच्या बॅटरीसाठी बनलेला असतो, आणि पॅक देतो साडेसात-आठ व्होल्ट. म्हणून मध्ये चार्ज पंप नावाची एक आयसी असते, ती कपॅसिटरच्या मदतीने व्होल्ट बरोबर निम्मे करते आणि करंट दुप्पट. ही आयसी खूप चांगल्या एफिशियन्सीची असते, ९७-९८ टक्क्यांच्या घरात, पण शंभर नाही. तेव्हा १७.४ वॉट-अवरमधले अर्धा वॉट-अवर इथेच जातात असं धरा. रोजच्या वापरात हे जाणवणार नाही, पण फोन बंद पडला आणि बॅटरी चांगली निघाली तर आम्ही डबल सेलच्या बोर्डवर आधी हीच आयसी बघतो.

मध्येच एक सांगून ठेवतो, सगळ्या दोन सेलच्या फोनमध्ये हा घोळ नसतो. फोल्ड होणाऱ्या बऱ्याच फोनमध्ये दोन्ही बाजूंना एकेक सेल असतो, आयफोन एक्समध्ये एल आकारात मांडलेले दोन सेल होते, पण ते पॅरलल जोडलेले असतात. पॅरललमध्ये व्होल्ट तेवढेच राहतात आणि एमएएचची सरळ बेरीज होते, त्यामुळे तिथे बॉक्स आणि लेबल यांचं भांडण होत नाही. तिथे दोन सेल केलेत ते जागेसाठी. तुमच्यासारख्या फास्ट चार्जिंगवाल्यात सिरीज असते, ती करंटसाठी.

आता तुमच्या ॲपच्या ४८ टक्क्यांकडे येऊ. ॲपला फोनमधली बॅटरी मोजणारी गेज आयसी जे सांगते तेच कळतं, आणि गेज पॅकमधून जाणारा करंट मोजते, म्हणजे सिरीजमधला, म्हणजे २२५० च्या हिशोबातला. काही कंपन्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला दोनने गुणून ॲपला देतात, काही देत नाहीत, आणि काही तर करंट एका पद्धतीने आणि क्षमता दुसऱ्या पद्धतीने देतात, तिथे तर सगळीच खिचडी होते. तुमच्या ॲपने मोजले २१८० आणि भागले बॉक्सवरच्या ४५०० ने, म्हणून ४८ टक्के आले. २१८० भागिले २२५० करा, ९७ टक्के येतात. नव्या बॅटरीचं हे एकदम ठीक आहे, कारण ॲपचा अंदाज एवढा इकडेतिकडे होतोच, आणि रेटेड २२०० धरलात तर काही बोलायलाच जागा नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये ड्युअल सेलचा पर्याय असेल तर तो चालू करा, नसेल तर डिझाइन कपॅसिटी हाताने २२५० टाका.

स्वतः बघायचं असेल तर फोन पूर्ण चार्ज करा, यूएसबी डीबगिंग चालू करून कॉम्प्युटरला लावा आणि हे चालवा:

```
adb shell dumpsys battery
```

त्यात `Charge counter` अशी ओळ येते, तो आकडा मायक्रो अँपिअर-अवरमध्ये असतो. `level` १०० असताना तिथे २२ लाखांच्या जवळपास आकडा असेल तर तुमचा फोन पॅकच्या हिशोबात बोलतोय, ४४ लाखांच्या जवळपास असेल तर दुप्पट करून सांगतोय. `voltage` ची ओळ पण बघा, ती मिलिव्होल्टमध्ये असते. पण ४४०० दिसलं म्हणून एकच सेल आहे असं समजू नका, बऱ्याच कंपन्या डबल सेल असूनही एका सेलचेच व्होल्ट दाखवतात. त्यामुळे या आउटपुटवरून सेल किती आहेत ते ठरवायचं नाही, फक्त मोजमाप कोणत्या हिशोबात चाललंय तेवढं कळतं. सेल किती ते लेबलच सांगेल.

लेबलवर काय असलं तर संशय घ्यायचा ते सांगतो. २२५० एमएएच आणि ३.८७ व्होल्ट असं असेल तर ती ८.७ वॉट-अवरची एका सेलची बॅटरी झाली, ती तुमच्या फोनची नाहीच, आणि खरंच तशी असेल तर फोन नीट चालणार पण नाही कारण मधल्या चार्ज पंपला पॅककडून ७-८ व्होल्ट लागतात. म्हणजे फोन चालतोय आणि लेबल असं आहे तर लेबल खोटं आहे, आणि लेबल खोटं छापणाऱ्याच्या सेलवर मी विश्वास ठेवणार नाही. उलटा प्रकार पण येतो, ४५०० एमएएच आणि ७.७४ व्होल्ट. गिऱ्हाईक खूश होतं, पण गुणाकार करा, जवळजवळ ३५ वॉट-अवर येतात, त्याच आकारात दुप्पट एनर्जी, हे शक्य नाही. म्हणून मी प्रत्येक लेबलवर तीन आकड्यांचा गुणाकार जुळतो का ते आधी बघतो, एमएएच, व्होल्ट आणि वॉट-अवर. नकली माल बनवणारे बऱ्याचदा इथेच फसतात, एक आकडा वाढवतात आणि बाकीचे दोन तसेच ठेवतात.

लेबल जुळलं तरी वजन करा. जुनी बॅटरी परत घेतली असेल तर दोन्ही सोनाराच्या किंवा किचनच्या डिजिटल काट्यावर ठेवा. एनर्जी धरणारा माल जड असतो, तो कमी घातला की वजन लगेच पडतं. दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे चालेल, दहा-बारा ग्रॅम हलकी असेल तर आत माल नाही. अर्थात यासाठी फोन उघडावा लागेल, तेव्हा आता बसवून झालेली बॅटरी केवळ वजनासाठी काढायला मी सांगणार नाही, गोंदाने चिकटवलेला पाऊच ओढताना वाकतो आणि वाकलेला लिथियम सेल परत बसवायचा नसतो.

न उघडता करायची परीक्षा म्हणजे चार्जिंगचा वेळ. बऱ्याच फोनमध्ये फास्ट चार्जिंग सुरू होण्याआधी फोन बॅटरीची ओळख तपासतो, ओळख पटली नाही तर साध्या स्पीडने चार्ज करतो. वनप्लस ८टी मध्ये हीच ४५०० एमएएचची डबल सेल आणि हेच ६५ वॉट आहेत, कंपनीचा दावा १५ मिनिटात ५८ टक्के आणि ३९ मिनिटात फुल. तुमचा फोन दुसरा असला तरी त्याच्या जवळपास जायला हवा. फोन थंड असताना, बॅटरी अगदी संपत आलेली असताना, मूळ चार्जर आणि मूळ केबलने लावून बघा. १५ मिनिटात निम्म्याच्या आसपास गेला तर ओळख पटली आणि सेल तेवढा करंट घेतोय. तास-दीड तास लागत असेल तर बॅटरी कंपनीची नाही किंवा कनेक्टर नीट बसलेला नाही, त्याच दिवशी दुकानात जा.

आता डबल सेलचा जो खरा तोटा मला वाटतो तो सांगतो, कारण वर्ष-दोन वर्षांनी तुम्हाला तो भेटू शकतो. सिरीजमध्ये दोन्ही सेलमधून तेवढाच करंट जातो, त्यामुळे पॅकची क्षमता ही दोघातल्या कमजोर सेलची क्षमता असते, सरासरी नव्हे. समजा एक सेल झिजून २१०० झाला आणि दुसरा १८५०. पॅक देणार १८५० च. फॅक्टरीत दोन सेल जुळवून जोडी लावतात, पण फोनच्या आत एक सेल प्रोसेसरच्या जवळ असतो आणि एक लांब, जवळचा जास्त तापतो आणि लवकर म्हातारा होतो. याची खूण अशी की फोन १२-१५ टक्के दाखवत असताना एकदम बंद पडतो, विशेषतः कॅमेरा उघडला किंवा गेम लावला की. कारण कमजोर सेल तळाला पोचलेला असतो, त्याचे व्होल्ट तीनच्या आसपास कोसळतात, दुसरा अजून ३.६ वर असतो, गेज दोघांची बेरीज बघत असेल तर तिला अजून शिल्लक दिसते, पण प्रोटेक्शन सर्किट प्रत्येक सेल वेगळा बघतं आणि लाइन तोडतं. एका सेलच्या म्हाताऱ्या बॅटरीत पण फोन अचानक बंद पडतो, तेव्हा नुसत्या लक्षणावरून ठरवू नका. आम्ही पॅक काढून तासभर तसाच ठेवतो आणि मल्टिमीटरने दोन्ही सेलचे व्होल्ट वेगवेगळे बघतो. चांगल्या जोडीत फरक अगदी किरकोळ असतो. ५० मिलिव्होल्टच्या वर फरक दिसला की मी पॅक बदलायला सांगतो. हे घरी करू नका, टॅब इतके जवळ असतात की प्रोब घसरला तर थेट शॉर्ट.

आणि कोणी "एकच सेल गेलाय, तोच बदलून देतो, निम्म्या पैशात" म्हणालं तर नको म्हणा. नवा आणि जुना सेल सिरीजमध्ये जोडला तर पॅक परत जुन्याच्या क्षमतेचा राहतो, आणि दोघांचं भरणं-रिकामं होणं वेगळ्या वेळी होत असल्यामुळे प्रत्येक चार्जिंगला कमजोर सेल आधी काठोकाठ भरतो आणि आधी तळाला जातो. पैसे निम्मे लागतील पण फायदा काहीच नाही, आणि धोका वाढतो.

पुढच्या फोनचं म्हणाल तर एमएएच बघा पण बॉक्सवरचेच, म्हणजे एका सेलवर आणलेले, ते सगळे एकमेकांशी तुलना करता येतात. जिथे "२ गुणिले इतके" असं लिहिलंय तिथे दुप्पट करून मगच तुलना करा. वॉट-अवर मिळाले तर सगळ्यात उत्तम, मग सेल किती आणि जोडणी कशी हा प्रश्नच उरत नाही. पॉवर बँकेला पण हेच लावा, १०००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टवर मोजलेली असते, म्हणजे ३७ वॉट-अवर, त्यातले रूपांतरात आणि केबलमध्ये जाऊन २५ च्या आसपास हातात येतात, तुमचा १७.४ चा फोन त्यातून साधारण दीड वेळा भरेल. लेबलवरचे २२५० धरून चार वेळा भरेल असं समजाल तर निराश व्हाल.

दुकानात तेच मॉडेल दोन स्पीडमध्ये मिळत असेल, तर मी गिऱ्हाइकाला एवढंच विचारतो की दिवसातून चार्जर किती वेळा हाताशी असतो. ऑफिसात टेबलावर बसून काम असेल तर मोठी बॅटरी आणि ६७-८० वॉट पुरे. दिवसभर फिरतीवर असाल आणि मध्ये दहा-पंधरा मिनिटंच सॉकेट मिळत असेल तर १३ टक्के कमी बॅटरी घेऊन १२० वॉट घेण्यात अर्थ आहे.

आणि आता ६००० एमएएचचे फोन यायला लागलेत, तिथे डबल सेल दिसली म्हणून ती फक्त स्पीडसाठीच आहे असं समजू नका. लिथियम बॅटरीच्या वाहतुकीच्या नियमात एका सेलला २० वॉट-अवरची मर्यादा आहे, तिच्या आत असलं तर पाठवणं बरंच सोपं जातं, वर गेलं की पॅकिंग आणि कागदपत्रं जड होतात. २० वॉट-अवर म्हणजे एका सेलचे साधारण ५२०० एमएएच. त्यामुळे अमेरिकेसारख्या बाजारात विकायच्या ६००० च्या फोनमध्ये ३००० चे दोन सेल टाकणं कंपनीला परवडतं, आणि अशा फोनची बॅटरी उद्या तुम्ही बदलली तर त्याच्या लेबलवर पण ३००० एमएएच आणि साडेसात व्होल्टच्या वरचा आकडा असू शकतो, तेव्हा तिथेही आधी व्होल्ट बघा.